प्रोब लावला की सर्किट बदलतं: ॲम्प्लिफायरची बँडविड्थ आणि इनपुट इम्पिडन्स नीट कशी मोजायची

इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये हा प्रसंग दरवर्षी कुठे ना कुठे घडतो. शेजारशेजारच्या दोन टेबलांवर एकच सर्किट लावलेलं असतं. ट्रान्झिस्टर तोच, रेझिस्टर तेच. एका टेबलावर बँडविड्थ १३० किलोहर्ट्झ येते, दुसऱ्यावर ६४० किलोहर्ट्झ. मग ट्रान्झिस्टर बदलून पाहिला जातो, ब्रेडबोर्ड बदलला जातो, शेवटी एकमेकांची आकडेमोड तपासली जाते. सगळं बरोबरच निघतं. फरक असतो तो प्रोबच्या मुठीवरच्या एका बारीक बटणाचा: एकाचा प्रोब वन-एक्सवर, दुसऱ्याचा टेन-एक्सवर. आणि गंमत नाही, खरंच सांगतो, या दोन्ही आकड्यांपैकी एकही त्या ॲम्प्लिफायरचा स्वतःचा नाही. प्रोब नसताना तेच सर्किट १.६ मेगाहर्ट्झपर्यंत चालतं.

प्रोब न लावता मोजायचं कसं, हा प्रश्न साहजिक आहे. त्याला साधं उत्तर आहे आणि ते या लेखात एका सर्किटवर सुरुवातीपासून करून दाखवतो. तुमच्याकडे दोन चॅनेलचा स्कोप, एकसारखे दोन प्रोब, फंक्शन जनरेटर आणि मल्टिमीटर असेल तर आज संध्याकाळीच हे करून पाहता येईल.

सर्किट

बीसी ५४७ ट्रान्झिस्टरचा एका टप्प्याचा कॉमन-एमिटर ॲम्प्लिफायर घेऊ. सप्लाय १२ व्होल्ट. बेसला वरून १०० किलोओहम, खाली ग्राउंडला १५ किलोओहम. कलेक्टरला १० किलोओहम. एमिटरला दोन रेझिस्टर एकाखाली एक: आधी २२० ओहम, मग १.५ किलोओहम, आणि या दुसऱ्याला समांतर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. इनपुटला १ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर. सिग्नल थेट कलेक्टरवर बघायचा आहे.

सगळा माल पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत एका फेरीत मिळतो. रेझिस्टर घेताना १ टक्क्याचे मेटल फिल्म मागून घ्या. आपल्याला पुढे गुणोत्तरांवरून निष्कर्ष काढायचे आहेत, तिथे रेझिस्टरची किंमत पक्की माहीत असणं फार सोयीचं पडतं.

सिग्नल देण्याआधी मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज पाहा. बेसवर साधारण १.५, एमिटरवर ०.९ आणि कलेक्टरवर ६.८ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. म्हणजे ट्रान्झिस्टरमधून अर्धा मिलिअँपियरपेक्षा किंचित जास्त करंट वाहतोय. कलेक्टरवर १२ किंवा १ व्होल्टच्या आत काही दिसलं तर पुढे जाऊ नका, जोडणी तपासा. डीसी चुकलेलं असताना घेतलेल्या बँडविड्थच्या रीडिंगला काही अर्थ नसतो.

या करंटला ट्रान्झिस्टरचा स्वतःचा एमिटर रेझिस्टन्स साधारण ५० ओहम. त्यात २२० मिळवले की २७०. १० किलोओहमला २७० ने भागलं की गेन येतो ३७. हा आकडा लक्षात ठेवा. मोजताना गेन ३० ते ४० च्या दरम्यान आला नाही तर काहीतरी घोळ आहे.

प्रोबच्या टोकाला काय असतं

वन-एक्सवर प्रोब म्हणजे जवळपास सरळ केबल. टोकापासून स्कोपपर्यंत मधे काही नाही, त्यामुळे केबलचा सगळा कपॅसिटन्स आणि स्कोपच्या इनपुटचा वीसेक पिकोफॅरड असे दोन्ही मिळून १०० पिकोफॅरड किंवा त्याहून जास्त भार तुमच्या सर्किटवर येतो. आपण ११० धरू.

टेन-एक्सवर टोकाशी ९ मेगाओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर एक छोटा कपॅसिटर मधे येतो. सिग्नल दहापट लहान होतो, पण त्या बदल्यात टोकाशी दिसणारा कपॅसिटन्स १५ पिकोफॅरडच्या आसपास येतो. नेमका आकडा प्रोबच्या माहितीपत्रकात दिलेला असतो.

खरी मेख इथे आहे. टेन-एक्सच्या प्रोबवर १० मेगाओहम छापलेलं असतं आणि नवखा माणूस ते वाचून निर्धास्त होतो. १० मेगाओहम हे फक्त डीसीला खरं. १५ पिकोफॅरडचा कपॅसिटर १ मेगाहर्ट्झला फक्त १०.६ किलोओहमचा असतो. आपल्या कलेक्टरचा रेझिस्टर आहे १० किलोओहमचा. म्हणजे १ मेगाहर्ट्झला प्रोब लावणं म्हणजे कलेक्टरला जवळजवळ तेवढाच दुसरा भार लटकवणं. वन-एक्सवर तर हाच भार दीड किलोओहमच्या खाली जातो.

त्यामुळे प्रोबचा भार किती, या प्रश्नाला दोन बाजू आहेत: प्रोबचा कपॅसिटन्स किती, आणि ज्या जागी तो लावला तिथला रेझिस्टन्स किती. जनरेटरच्या ५० ओहमच्या टोकाला तोच प्रोब लावला तर १ मेगाहर्ट्झलाही काही फरक पडत नाही. १० किलोओहमच्या कलेक्टरवर लावला की उत्तरच बदलतं.

मोजायला बसण्याआधी दोन्ही प्रोब टेन-एक्सवर टाकून कॉम्पेन्सेशन करून घ्या. स्कोपच्या पुढच्या पट्टीवर १ किलोहर्ट्झच्या चौकोनी तरंगाचं टोक असतं, त्याला प्रोब लावा आणि प्रोबवरचा ट्रिमर प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने फिरवा. तरंगाचा माथा सपाट झाला पाहिजे. सुरुवातीला टोकदार शिंग दिसत असेल तर कॉम्पेन्सेशन जास्त झालंय, कोपरा गोलसर असेल तर कमी पडलंय. जो प्रोब ज्या चॅनेलवर जुळवला तो तिथेच ठेवा, कारण प्रत्येक चॅनेलचा इनपुट कपॅसिटन्स थोडा वेगळा असतो. स्कोपच्या चॅनेल मेनूतही `10X` निवडलंय ना ते पाहा.

जनरेटर जोडताना

आपला गेन ३७ आहे, म्हणजे इनपुट मिलिव्होल्टमध्येच द्यावं लागणार. बऱ्याच जनरेटरचा इतका लहान सिग्नल गोंगाटात बुडालेला असतो. म्हणून जनरेटर १ व्होल्ट पीक-टू-पीकवर ठेवा आणि ब्रेडबोर्डवरच १ किलोओहम आणि ४७ ओहमचा डिव्हायडर करा. ४७ ओहमवर सुमारे ४३ मिलिव्होल्ट मिळतात, आणि ॲम्प्लिफायरला दिसणारा सोर्स रेझिस्टन्स ४५ ओहमच्या आसपास राहतो. पुढे याचा फायदा होणार आहे.

एक गोष्ट आधीच बघून घ्या. जनरेटरच्या आउटपुट मेनूत लोड `50 Ω` निवडलेला असेल तर पडद्यावर १ व्होल्ट लिहिलेलं असताना मोकळ्या टोकावर प्रत्यक्षात २ व्होल्ट येतात. `High-Z` निवडा. गेन हिशेबापेक्षा बरोबर दुप्पट आला तर कारण बहुतेक हेच असतं.

दुसरा प्रोब जनरेटरच्या टोकावर, डिव्हायडरच्या आधी लावून ठेवा. तिथे रेझिस्टन्स कमी असल्यामुळे प्रोबचा उपद्रव नाही, आणि फ्रिक्वेन्सी बदलताना जनरेटरची पातळी हलत नाहीये ना हे सतत डोळ्यांसमोर राहतं.

मग जनरेटरचं आउटपुट बंद करून कलेक्टरवरचा ट्रेस पाहा. सपाट रेष हवी. ५० हर्ट्झचा हम दिसला तर ग्राउंड क्लिप किंवा सप्लायची जोडणी सैल आहे. पुण्यात आणखी एक पाहुणा येऊ शकतो: आकाशवाणी पुण्याची मध्यम लहर ७९२ किलोहर्ट्झवर आहे, म्हणजे आपण जिथे मोजणार त्याच पट्ट्यात. बेसला लांब वायर मोकळी लटकत असेल तर ती अँटेनाचं काम करते. इनपुटच्या वायरी तीन-चार सेंटिमीटरपेक्षा लांब ठेवू नका.

पहिलं मोजमाप

कलेक्टरवर एक प्रोब, टेन-एक्स, चॅनेल एसी कपलिंगवर. स्कोपमध्ये ॲव्हरेजिंग १६ वर ठेवा म्हणजे पीक-टू-पीकच्या आकड्यात गोंगाट मिसळत नाही.

संदर्भाची पातळी आधी ठरवायची. पुष्कळ प्रयोगवह्यांमध्ये ती १ किलोहर्ट्झला घेतात. मी १० किलोहर्ट्झला घ्यायला सांगतो, आणि त्याला कारण आहे. टेन-एक्स प्रोबमध्ये एक-दीड किलोहर्ट्झच्या खाली विभागणी रेझिस्टर ठरवतात, वर कपॅसिटर. कॉम्पेन्सेशन थोडं चुकलेलं असेल तर या दोन बाजूंची विभागणी वेगळी असते, आणि संदर्भ एका बाजूला व शेवटचं रीडिंग दुसऱ्या बाजूला घेतलं की ती चूक सरळ तुमच्या गुणोत्तरात येते. १० किलोहर्ट्झ आणि ६०० किलोहर्ट्झ हे दोन्ही एकाच बाजूला आहेत.

१० किलोहर्ट्झला आउटपुट १.६ व्होल्टच्या आसपास येईल. साइन तरंग वर-खाली सारखा दिसतोय ना, माथा चेपलेला नाही ना, हे नजरेने पाहा. आता १.६ गुणिले ०.७०७ म्हणजे १.१३ व्होल्ट. जनरेटरची फ्रिक्वेन्सी वाढवत न्या, आउटपुट १.१३ व्होल्टवर आलं की थांबा. जनरेटरच्या टोकावरची पातळी अजून १ व्होल्टच आहे ना ते बघा आणि फ्रिक्वेन्सी लिहून घ्या. आपल्या सर्किटला ती ६४० किलोहर्ट्झच्या आसपास येते.

खालची मर्यादाही अशीच काढायची, ती या सर्किटला सतरा-अठरा हर्ट्झ येते. इथे एकच काळजी: प्रोब वन-एक्सवर आणि चॅनेल एसी कपलिंगवर असेल तर स्कोपची स्वतःची खालची मर्यादा १० हर्ट्झपर्यंत असू शकते आणि ती तुमच्या उत्तरात मिसळते. टेन-एक्सवर ती दहापट खाली जाते, म्हणून इथेही टेन-एक्सच. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची किंमत छापलेल्यापेक्षा वीस टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकते, तेव्हा १५ किंवा २२ हर्ट्झ आले तरी काळजी नको.

दुसरा प्रोब टेकवा

फ्रिक्वेन्सी ६४० किलोहर्ट्झवर तशीच ठेवा. जनरेटरच्या टोकावरचा दुसरा प्रोब काढा आणि तो कलेक्टरवर, पहिल्या प्रोबच्या शेजारी टेकवा. नजर पहिल्या चॅनेलवर ठेवा. १.१३ व्होल्टवर असलेला तरंग टेकवल्याक्षणी ०.८५ व्होल्टच्या आसपास खाली येतो. प्रोब उचलला की परत वर. फ्रिक्वेन्सी १० किलोहर्ट्झ करून हेच केलंत तर तरंग जागचा हलत नाही.

एका विद्यार्थिनीला हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "सर, दुसऱ्या प्रोबने एवढा फरक पडतो, तर मग पहिल्यानेही पडलाच असेल ना?" अगदी हेच. दुसऱ्या प्रोबने जेवढी भर घातली तेवढीच पहिल्याने आधीच घातलेली आहे, फक्त ती आपल्याला दिसली नव्हती. कुठल्याही सर्किटवर, कुठल्याही जागी, प्रोब रीडिंग बिघडवतोय का हे ओळखायची याहून सोपी चाचणी मला माहीत नाही. दुसरा प्रोब टेकवा. पहिला ट्रेस हलला तर रीडिंगवर विश्वास ठेवू नका.

आणि याच चाचणीतून खरं उत्तरही निघतं. कलेक्टरच्या ठिकाणी बँडविड्थ ठरवतो तो १० किलोओहम आणि तिथला एकूण कपॅसिटन्स. ट्रान्झिस्टर आणि ब्रेडबोर्डचा मिळून काही कपॅसिटन्स आहे, त्यात प्रत्येक प्रोब सारखीच भर घालतो. वरची मर्यादा एकूण कपॅसिटन्सच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजेच तिचा व्यस्त आकडा कपॅसिटन्सच्या सरळ प्रमाणात वाढतो. एक प्रोब असतानाचा आणि दोन प्रोब असतानाचा व्यस्त आकडा माहीत झाला की तेवढंच अंतर मागे जाऊन शून्य प्रोबचा आकडा काढता येतो:

```
1/f0 = 2/f1 - 1/f2
```

इथे `f1` म्हणजे एका प्रोबची मर्यादा, `f2` दोन प्रोबची आणि `f0` प्रोब नसतानाची. प्रोबचा कपॅसिटन्स किती हे माहीत असण्याचीही गरज नाही, दोन्ही प्रोब सारखे असले की झालं.

दोन्ही प्रोब कलेक्टरवर ठेवून, पहिल्या चॅनेलवर पुन्हा १.१३ व्होल्ट मिळेपर्यंत फ्रिक्वेन्सी खाली आणा. ती ४०० किलोहर्ट्झच्या आसपास येईल. आता किलोहर्ट्झमध्येच आकडे घालू:

```
2/640 = 0.003125
1/400 = 0.002500
1/f0  = 0.000625   ->  f0 = 1600 kHz
```

म्हणजे १.६ मेगाहर्ट्झ. कपॅसिटन्सच्या भाषेत पडताळून पाहा: १० किलोओहम आणि १.६ मेगाहर्ट्झ म्हणजे १० पिकोफॅरड. ट्रान्झिस्टरचा कलेक्टर-बेस कपॅसिटन्स तीन-चार पिकोफॅरड, बाकीचा ब्रेडबोर्डच्या पट्ट्यांचा. आकडा पटण्यासारखा आहे. त्यात टेन-एक्सचे १५ मिळवले की २५ पिकोफॅरड, आणि ६४० किलोहर्ट्झ. वन-एक्सचे ११० मिळवले की १२० पिकोफॅरड, आणि १३० किलोहर्ट्झ. दोन टेबलांवरच्या भांडणाचा निकाल इथे लागतो.

हे करताना काही गोष्टी पाळाव्या लागतात. दुसऱ्या प्रोबची केबल स्कोपला जोडलेलीच हवी. मोकळ्या केबलच्या प्रोबच्या टोकाशी वेगळाच कपॅसिटन्स दिसतो. दोन्ही प्रोब टेन-एक्सवर, दोन्ही जुळवलेले. दुसऱ्या प्रोबची ग्राउंड क्लिपही ग्राउंडला लावा. आणि जनरेटरच्या पातळीवर नजर ठेवणारा प्रोब आता तिथे नाही, म्हणून ४०० किलोहर्ट्झलाही जनरेटर १ व्होल्टच देतोय ना हे वेगळं तपासून घ्या.

उत्तराच्या अचूकतेबद्दल भ्रमात राहू नका. दोन मोठ्या, जवळजवळच्या आकड्यांची वजाबाकी आहे ही. `f1` मोजताना २ टक्क्यांची चूक झाली तर शेवटच्या उत्तरात ती १० टक्क्यांची होते. म्हणून १.६ मेगाहर्ट्झला "दीड ते पावणेदोन मेगाहर्ट्झ" असं वाचा. प्रोबचा वाटा जितका मोठा तितकी ही चूक फुगते. म्हणूनच वन-एक्सच्या दोन प्रोबने हा हिशेब करायला जाऊ नये, तिथे `f1` मधली तीच २ टक्क्यांची चूक ५० टक्क्यांच्या घरात जाते.

हिशेब लागू पडतो तो वरची मर्यादा एकाच जागी ठरत असेल तरच. ते तपासायची युक्ती अशी: एका प्रोबने मोजलेल्या मर्यादेच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीला, म्हणजे १२८० किलोहर्ट्झला, आउटपुट मूळ पातळीच्या ०.४५ पट यायला हवं, आपल्या सर्किटला ०.७२ व्होल्ट. त्याहून बरंच कमी आलं तर सर्किटमध्ये दुसरी कुठलीतरी जागाही गेन खाली ओढतेय.

एकसारखे दोन प्रोब नसतील तर २२ पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर कलेक्टर आणि ग्राउंडमध्ये लावून तेच करता येतं. मर्यादा ६४० वरून ३४० किलोहर्ट्झवर येईल. मग आधीचा एकूण कपॅसिटन्स असा निघतो:

```
C = 22 * f2 / (f1 - f2) = 22 * 340 / 300 = 25 pF
```

यातून प्रोबच्या माहितीपत्रकातले १५ वजा केले की सर्किटचे १० उरतात. फक्त इथे प्रोबचा आकडा माहीत असावा लागतो.

आता यातला कुठला आकडा अहवालात लिहायचा? माझं मत स्पष्ट आहे: भार सांगितल्याशिवाय बँडविड्थचा आकडा अपुरा आहे. या ॲम्प्लिफायरच्या पुढे २० पिकोफॅरडची इनपुट असलेला टप्पा येणार असेल तर १.६ मेगाहर्ट्झ तुम्हाला कधीच मिळणार नाहीत, पाचशे-साडेपाचशे किलोहर्ट्झच मिळतील. खरोखर रुंद बँडविड्थ हवी असेल तर कलेक्टरनंतर एमिटर फॉलोअर टाका आणि प्रोब त्याच्या आउटपुटवर लावा. तिथला रेझिस्टन्स शंभर ओहमच्या आत असतो, तिथे टेन-एक्सचा प्रोब सर्किटला कळतही नाही.

इनपुट इम्पिडन्स

पद्धत सगळ्यांना ठाऊक असते: इनपुटच्या वाटेत माहितीतला एक रेझिस्टर टाकायचा आणि त्याच्यावर किती व्होल्टेज पडलं ते पाहायचं. चुका होतात त्या पाहण्यात.

सगळ्यात आधी एक धोक्याची सूचना. रेझिस्टरच्या एका टोकाला प्रोब आणि दुसऱ्या टोकाला ग्राउंड क्लिप लावून त्याच्यावरचं व्होल्टेज बघायला जाऊ नका. स्कोपची ग्राउंड क्लिप आतून मेन्सच्या अर्थिंगला जोडलेली असते आणि जनरेटरचा ग्राउंडही बहुधा तिथेच असतो. क्लिप बेसच्या बाजूला लावलीत तर ॲम्प्लिफायरचं इनपुट सरळ ग्राउंड होतं, आउटपुट नाहीसं होतं. अर्थिंगची पिन कापून हा प्रश्न सोडवणारे लोक मी पाहिले आहेत. ते जिवावर बेतू शकतं, करू नका. दोन चॅनेल, दोन्ही क्लिपा ग्राउंडला, आणि दोन रीडिंगांची वजाबाकी, हा एक मार्ग आहे.

पण आपल्याकडे त्याहून चांगला मार्ग आहे. इनपुटचा सिग्नल आहे ४३ मिलिव्होल्टचा. टेन-एक्सवर स्कोपला त्यातले ४ मिलिव्होल्टच पोचतात, आणि गोंगाटातून ते नीट वाचता येत नाहीत. वन-एक्सवर जावं तर केबलचा सगळा कपॅसिटन्स बेसवर येतो. मग इनपुटला प्रोब लावायचाच कशाला? इनपुट किती कमी झालं हे आउटपुटच सांगतं, तेही ३७ पट मोठं करून. प्रोब कलेक्टरवरच राहू द्या.

डिव्हायडर आणि कपलिंग कपॅसिटर यांच्या मधे १० किलोओहमचा रेझिस्टर लावा आणि त्याला समांतर एक जंपर वायर. १ किलोहर्ट्झला जंपर लावून आउटपुट मोजा: १.६० व्होल्ट. जंपर काढून पुन्हा मोजा: ०.८३ व्होल्ट.

```
Zin = Rs * V2 / (V1 - V2)
    = 10k * 0.83 / (1.60 - 0.83) = 10.8k
```

दोन्ही रीडिंग एकाच जागी, एकाच प्रोबने, एकाच फ्रिक्वेन्सीला घेतली. त्यामुळे प्रोबचं कॉम्पेन्सेशन, स्कोपचा उभा स्केल, कलेक्टरवरचा भार, हे सगळं गुणोत्तरात कापलं जातं. सोर्सचे ४५ ओहम १० किलोओहमपुढे नगण्य आहेत. डिव्हायडर केल्याचा हा फायदा. जनरेटरची पातळीही हलत नाही, कारण जंपर लावला काय आणि काढला काय, जनरेटरला जवळपास तोच १ किलोओहम दिसतो.

हिशेबाशी ताडून पाहू. बेसचे १०० आणि १५ किलोओहम समांतर मिळून १३ किलोओहम. ट्रान्झिस्टरचा करंट गेन २५० धरला तर बेसमधून आत पाहिल्यावर २७० ओहमचे ६७ किलोओहम दिसतात. दोन्ही समांतर, ११ किलोओहमच्या जवळ. मोजमाप आणि हिशेब जुळले. यावरून हेही कळतं की इथे इनपुट इम्पिडन्स मुख्यत्वे बायसचे रेझिस्टर ठरवतात. ट्रान्झिस्टर बदलून करंट गेन ४०० झाला तरी उत्तर फार तर पाऊण किलोओहमने हलेल.

मधला रेझिस्टर अपेक्षित इम्पिडन्सच्या जवळपासचा घ्यावा. १ किलोओहम घेतला तर आउटपुट १.६० वरून १.४६ वर येईल, आणि १.४६ ऐवजी १.४८ वाचलं गेलं की उत्तर १०.४ वरून एकदम १२.३ किलोओहम होतं. अर्ध्याच्या आसपास पडणारं रीडिंग सगळ्यात भरवशाचं.

तोच इम्पिडन्स वरच्या फ्रिक्वेन्सीला

१०.८ किलोओहम हे १ किलोहर्ट्झचं उत्तर आहे. जंपर काढलेलाच ठेवून फ्रिक्वेन्सी वाढवा. आउटपुट आता ६४० पर्यंत टिकत नाही, २०० किलोहर्ट्झच्या आतच ०.८३ च्या ०.७०७ पट, म्हणजे ०.५९ व्होल्टवर येतं.

कारण मिलर परिणाम. कलेक्टर आणि बेसमधला चार पिकोफॅरडचा कपॅसिटन्स बेसच्या बाजूने पाहिला तर गेन अधिक एक, म्हणजे ३८ पट मोठा दिसतो, दीडशे पिकोफॅरडच्या घरात. जंपर लावलेला असताना सोर्स ४५ ओहमचा होता, त्यामुळे हा कपॅसिटन्स वीसेक मेगाहर्ट्झपर्यंत काही बिघडवू शकत नव्हता. आता बेसवर १० आणि १०.८ समांतर, म्हणजे साधारण ५.२ किलोओहम आहेत, आणि ५.२ किलोओहम व १५० पिकोफॅरड मिळून २०० किलोहर्ट्झची मर्यादा घालतात. कलेक्टरवरची मर्यादा त्यात मिसळून प्रत्यक्ष आकडा आणखी थोडा खाली येतो. म्हणून बँडविड्थ मोजताना जंपर विसरू नका. तो विसरला की ॲम्प्लिफायरऐवजी तुमच्या १० किलोओहमची बँडविड्थ मोजली जाते.

याच स्थितीत बेसवर प्रोब टेकवून पाहा. टेन-एक्सचे १५ पिकोफॅरड दीडशेत जेमतेम कळतात, कलेक्टरवरचं आउटपुट थोडंसंच हलतं. वन-एक्सचे ११० लावले की मर्यादा १२० किलोहर्ट्झच्याही खाली घसरते.

वहीत रीडिंगसोबत एवढं लिहा: प्रोब टेन-एक्स, १५ पिकोफॅरड. सोर्स ४५ ओहम. एका प्रोबने ६४०, दोन प्रोबने ४०० किलोहर्ट्झ, त्यावरून काढलेले १.६ मेगाहर्ट्झ, चूक १० टक्क्यांच्या आसपास. इनपुट इम्पिडन्स १ किलोहर्ट्झला १०.८ किलोओहम, १० किलोओहमच्या रेझिस्टरने, आउटपुटवर मोजून. मग शेजारच्या टेबलावर वेगळा आकडा आला तर नेमकं काय वेगळं होतं ते या ओळींवरूनच सापडतं.